मांसातलं लोह वेगळ्या दाराने शिरतं, मग त्यावर शरीराचा ताबा उरतो का?

समीर (धागाकर्ता): माझं मत मांडतो. मांसातलं हीम लोह आतड्याच्या पेशीत स्वतःच्या वेगळ्या दाराने शिरतं, त्यामुळे शरीराला ते अडवता येत नाही. वनस्पतीतलं लोह मात्र शरीर गरजेपुरतंच घेतं. म्हणून दोन्हींचे मिलिग्रॅम एकाच तक्त्यात मांडणं मला चुकीचं वाटतं. कुणाला पटत नसेल तर का, ते सांगा.

रेवती: दार वेगळं आहे, इथपर्यंत सहमत. 'अडवता येत नाही' इथे नाही.

वनस्पतीतलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं. त्या रूपात ते पेशीत शिरू शकत नाही. आधी त्याचं फेरस व्हावं लागतं. हे काम काही प्रमाणात क जीवनसत्त्व करतं आणि काही प्रमाणात पेशीच्या पृष्ठभागावरचं डीसायटीबी हे प्रथिन. मग डीएमटी-१ नावाचा वाहक ते प्रोटॉनसोबत आत ओढतो. हीमचं तसं नाही. त्यातला लोहाचा अणू एका कड्यात बसलेला असतो आणि ते कडं अख्खंच आत जातं. फायटेट किंवा चहातली टॅनिन उघड्या लोहाला धरून ठेवतात, पण कड्यातल्या लोहाला त्यांना हात लावता येत नाही. लिंबू पिळल्याने हीमचं शोषण वाढत नाही, तेही यामुळेच.

पण आत गेल्यावर हीम ऑक्सिजनेज हे विकर ते कडं फोडतं आणि लोह मोकळं होतं. तिथून पुढे ते लोह मांसातलं की डाळीतलं, हे पेशीला कळायला मार्ग नाही. दोन्हींचा साठा एकच, आणि रक्तात उतरायचं दारही एकच, फेरोपोर्टिन. यकृतातून येणारं हेप्सिडिन ते दार बंद करतं. दार बंद असेल तर लोह फेरिटिन या साठवणाऱ्या प्रथिनात अडकून पडतं आणि तीन-चार दिवसांनी ती पेशी झडली की तिच्यासोबत शरीराबाहेर जातं. हीममधून आलेलं लोहसुद्धा.

अनिरुद्ध: हीमचा वाहक २००५ मध्येच सापडला आहे, एचसीपी-१. त्यामुळे दार वेगळं आहे हा मुद्दा संपलेला आहे, त्यावर वाद कशाला?

रेवती: तो शोध २००५ चाच, पण २००६ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की तेच प्रथिन मुख्यतः फोलेट वाहून नेतं आणि हीमशी त्याची ओढ त्या मानाने बरीच कमी आहे. ज्यांच्यात त्या जनुकात जन्मजात दोष असतो, त्यांना फोलेटची तीव्र कमतरता होते. ते प्रथिन थोडंफार हीम नेत असेलही, पण 'हेच ते दार' असं आज ठामपणे म्हणता येत नाही. हीम पेशीच्या आवरणात गुंडाळलं जाऊन पुटिकेतून आत जातं, असाही एक जुना आणि अजून टिकून असलेला तर्क आहे. रस्ता वेगळा आहे हे नक्की, दरवाजा कोणता हे नक्की नाही.

शुभांगी: म्हणजे माझ्यासारखीने लोहाच्या गोळ्या सोडून मांसच खावं का? मी बऱ्याच काळापासून ॲसिड कमी करणारी गोळी घेते. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, तरी फेरिटिन वर येत नाही.

रेवती: शुभांगीताई, ॲसिडचा मुद्दा तुम्हाला लागू होऊ शकतो. फेरिक लोह विरघळायला आणि त्याचं फेरस व्हायला आम्लता लागते. डीएमटी-१ ला प्रोटॉन लागतात, तेही आम्ल वातावरणातच पुरेसे मिळतात. हीमला त्याची गरज बरीच कमी. पण तेवढ्यावरून कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना फेरिटिनसोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि सीआरपी बघायला सांगा. सॅच्युरेशन कमी, फेरिटिन ठीक किंवा जास्त आणि सीआरपी वाढलेलं असं निघालं, तर दाहामुळे हेप्सिडिन वाढून बाहेरचं दार बंद झाल्याची शंका घ्यावी लागते. मग मांस आणि गोळी दोन्ही त्याच दाराशी अडतात. तुमचं फेरिटिन कमीच आहे म्हणता, म्हणून रक्तस्राव आणि सीलिअॅक हेही तपासलेलं बरं. सीलिअॅकमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच खराब होतो आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं, म्हणून दोन्ही रस्त्यांना फटका बसतो.

समीर: रेवती, तुमचं मान्य केलं तरी आकडे माझ्या बाजूने बोलतात. हीमचं शोषण साधारण १५ ते ३५ टक्के, बाकी लोहाचं २ ते २० टक्के. साठा भरलेल्या माणसातही हीमचा आकडा फारसा खाली जात नाही. याला ताबा म्हणायचं?

मंदार: एक हिशेब मांडतो, टक्के फक्त उदाहरणापुरते धरलेत. १०० ग्रॅम लाल मांसात २.५ मिलिग्रॅम लोह धरा. त्यातलं साधारण ४० टक्के हीम, म्हणजे १ मिलिग्रॅम. मांसातलं उरलेलं १.५ हीम नसलेलंच असतं, हे बहुतेक लोक विसरतात. धान्य आणि डाळींतून आणखी ३.५ आलं, तर हीम नसलेलं एकूण ५ मिलिग्रॅम. साठा भरलेला असेल तर हीमचे १५ टक्के म्हणजे ०.१५ आणि बाकीचे ४ टक्के म्हणजे ०.२०. साठा रिकामा असेल तर ३५ टक्क्यांनी ०.३५ आणि १५ टक्क्यांनी ०.७५. हीम दुपटीच्या थोडं वर गेलं, बाकीचं जवळजवळ चौपट. ताबा दोन्हीकडे दिसतो, हीमवर सैल.

रेवती: 'सैल' हे मला मान्य आहे. समीर, तुमच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा मीच देते. डीएमटी-१ च्या जनुकात दोष असलेले मोजके रुग्ण माहीत आहेत, पहिली नोंद २००५ ची. त्यांच्या लाल पेशी लहान आणि फिक्या असतात, कारण लाल पेशी तयार होतानाही हाच वाहक लागतो. पण यकृतात मात्र लोह साचलेलं असतं. आतड्यातलं फेरस लोहाचं दार नीट चालत नसताना एवढं लोह आलं कुठून? हीमच्या रस्त्याने आलं असावं, हेच सगळ्यात पटणारं उत्तर आहे.

समीर: मग हेच तर मी म्हणतोय! ॲनिमिया असताना यकृतात लोह साचतं, म्हणजे हीम कुणाचं ऐकत नाही.

रेवती: नाही. मज्जेला लोह कमी पडतंय हा संकेत गेला की हेप्सिडिन उतरतं, आणि अशा रुग्णांत ते कमी आढळलं आहे. म्हणजे बाहेरचं दार शरीरानेच उघडं ठेवलं होतं. हीमने ते फोडलेलं नाही.

समीर: हेप्सिडिनचं पटलं. पण निरोगी माणसात आत शिरतानाची ढिलाई उरतेच, म्हणून एका तक्त्यावरचा माझा आक्षेप कायम आहे.

अनिरुद्ध: मग कॅल्शियमचं काय? ते तर हीमचंही शोषण कमी करतं म्हणतात. रस्ते वेगळे असतील तर एकच पदार्थ दोन्हीकडे कसा आडवा येतो?

रेवती: १९९० च्या सुमारास हॅलबर्ग यांच्या गटाने माणसांवर दाखवलेलं आहे ते, आणि त्यांचा तर्क तुमच्याच दिशेचा होता: कॅल्शियम दारात नव्हे, आत गेल्यानंतरच्या सामायिक टप्प्यावर अडवत असावं. पुढे संवर्धित पेशींवरच्या प्रयोगांत कॅल्शियममुळे डीएमटी-१ पृष्ठभागावरून कमी होतो असं दिसलं. त्याने वनस्पतीतल्या लोहाचं कोडं सुटतं, हीमचं सुटत नाही. फेरोपोर्टिनजवळ शोधावं, असं मला वाटतं. मंदार, तुम्हाला काय वाटतं?

मंदार: फेरोपोर्टिनजवळ अडत असेल तर जेवणानंतर काही तासांनी पेशीतलं फेरिटिन वाढलेलं दिसायला हवं. आत शिरतानाच अडत असेल तर वाढणार नाही. हीम देऊन, कॅल्शियमसह आणि त्याशिवाय, हे कुणी नीट मोजलेलं असेल तर मला वाचायला आवडेल.