मदत हवी आहे: रक्त फुटत असताना जी६पीडी चाचणी नॉर्मल कशी आली?

तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसल्यामुळे तिला एनएडीपीएच केवळ पेंटोज फॉस्फेट मार्गातूनच मिळते आणि त्याच्याच बळावर ग्लुटाथायोन पुन्हा क्षपित होऊन पेरॉक्साइडचा निचरा करते, इथवर मला नीट समजले आहे. अडले आहे ते पुढे. प्रायमाक्विन सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी लघवी काळपट झालेल्या आणि क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेल्या रक्तात हाइन्झ बॉडीज स्पष्ट दिसलेल्या एका रुग्णाची जी६पीडी चाचणी आठवड्याने नॉर्मल आली. विकर कमी उरलेल्या जुन्या पेशी आधीच फुटल्यामुळे नमुन्यात मुख्यतः विकरसंपन्न तरुण पेशीच उरल्या असाव्यात, असे मला वाटते. हा तर्क बरोबर असल्यास चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी, की रेटिक्युलोसाइट्सच्या प्रमाणाशी ताडून आताच निष्कर्ष काढता येईल?