मदत हवी आहे: भट्टीतील वायूची शोषकता काढताना ओव्हरलॅपची वजावट कशी वाचायची?

नैसर्गिक वायूवरची भट्टी, आतून २ × २ × ४ मीटर. L = 3.6V/A, म्हणजे १.४४ मीटर. एकूण दाब १ अ‍ॅटमॉस्फिअर. त्यात कार्बन डायऑक्साइड ०.०९ आणि वाफ ०.१८. वायू १५०० केल्विन, भिंत १००० केल्विन.

हॉटलच्या तक्त्यांवरून उत्सर्जकता निघाली. वाफेची दाब-दुरुस्ती आणि ओव्हरलॅपची वजावटही केली. अडलंय ते शोषकतेपाशी. प्रत्येक वायूचा pL मी Tw/Tg ने गुणून तक्ता १००० केल्विनला वाचला. मग कार्बन डायऑक्साइडसाठी (Tg/Tw)^0.65 म्हणजे १.३० आणि वाफेसाठी (Tg/Tw)^0.45 म्हणजे १.२० ने गुणलं. इथवर शंका नाही.

काजळी नाही, भिंत काळी धरली आहे. हिशोब हातानेच करायचाय, त्यामुळे सॉफ्टवेअर नको. भिंत इतकी तापलेली असल्याने शोषणाचं पद सोडून देता येत नाही.

ओव्हरलॅपचा तक्ता भिंतीच्या तापमानाला वाचायचा, हे कळलं. पण त्यात दोन्ही वायूंचा मिळून pL मूळचा ०.३९ घ्यायचा, की Tw/Tg ने घटवलेला ०.२६? आणि त्या वजावटीलाही एखादा घात लावतात का?