हिमोलाइझ्ड नमुन्याचं पोटॅशियम: आकडा द्यायचा की थांबवायचा?

लॅब टेक्निशियन, ग्रामीण रुग्णालय, गडचिरोली जिल्हा:
उपकेंद्रातून दुचाकीवर आलेला रक्ताचा नमुना, तांबड्या पेशी फुटलेला म्हणजे हिमोलाइझ्ड. अ‍ॅनालायझरवर हिमोलिसिस इंडेक्स ३००, पोटॅशियम ६.१. पेशंट ३० किलोमीटरवर. डॉक्टर म्हणतात, "आकडा द्या, खाली हिमोलाइझ्ड लिहा." मी थांबवला. चुकलो का?

खासगी लॅबचालक, यवतमाळ:
माझ्या मते चुकलात. खेड्यातला पेशंट परत येईलच असं नाही. डेसिलिटरमध्ये दर १०० मिलिग्रॅम मोकळ्या हिमोग्लोबिनमागे, म्हणजे साधारण इंडेक्सच्या दर १०० मागे, पोटॅशियम साधारण ०.३ वाढतं. तुमचे ०.९ वजा करा, ५.२ लिहा आणि टीप द्या.

बायोकेमिस्ट, नागपूर:
०.३ चा हिशोब पेशीतल्या सरासरी पोटॅशियमवरून निघतो, तो ढोबळमानाने ठीक आहे. पण मशीन फक्त सीरममधला लाल रंग मोजतं, पेशी कुठे आणि कधी फुटली ते त्याला कळत नाही. शिवाय थंडीत पेशीचा पंप मंदावतो आणि पेशी न फुटताही पोटॅशियम झिरपतं. ते इंडेक्समध्ये दिसतच नाही. नमुना कसा आणला होता?

लॅब टेक्निशियन:
९ ला काढला, १ ला पोचला. उन्हामुळे ट्यूब थेट आइसपॅकवर ठेवली होती, वाटेत सेंट्रिफ्यूज नाही. काल पेशंटला बोलावून पुन्हा काढला, अर्ध्या तासात फिरवला. इंडेक्स १०, पोटॅशियम ४.१.

बायोकेमिस्ट:
म्हणजे तुमचं ५.२ सुद्धा खोटं ठरलं असतं. फुटलेल्या पेशींचं वजा झालं, थंडीचं राहिलं.

खासगी लॅबचालक:
या नमुन्यापुरतं मान्य. पण रात्री किडनीचा पेशंट आला, खरंच ६.५ असेल, आणि तुम्ही "नमुना नाकारला" एवढंच छापलंत तर?

बायोकेमिस्ट:
तेव्हा डॉक्टरांना फोन करायचा, ईसीजी काढायला सांगायचं आणि नवा नमुना मागायचा. कागदावर वजाबाकीचा आकडा मी देणार नाही.

खासगी लॅबचालक:
रात्री फोन लागला तर ना. आमच्याकडे रेंजच नसते.

सिकलसेलच्या मुलाचे वडील, मेळघाट:
माया पोराचं रक्त तीनदा 'खराब आलं' म्हणून परत केलं. टोचून टोचून हात सुजला त्याचा. त्याचं रक्त आतच फुटत असन तर?

बायोकेमिस्ट:
दादा, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन नमुने नीट काढले आणि दोन्हींचा इंडेक्स जवळपास तेवढाच आला, तर रक्त शरीरातच फुटतंय असा संशय घ्यायचा. तिथे नाकारायचं नाही आणि वजाही करायचं नाही, कारण पोटॅशियम, एलडीएच जसं आलं तसंच शरीरात आहे. त्याचे डोळे पिवळे असतील, तर इक्टेरस इंडेक्सही बघा म्हणावं. बिलिरुबिन खूप असेल तर जाफे पद्धतीत क्रिएटिनिन कमी दिसू शकतं आणि किडनीचा त्रास झाकला जातो. आधी चिठ्ठीवर 'सिकलसेल' लिहायला सांगा.

सिकलसेलच्या मुलाचे वडील:
चिठ्ठीवर लिहिलं होतं जी. कोणं वाचलंच नसन.