मदत हवी आहे: मसाल्याच्या पेजवर कुठला ट्रेंड आणि व्हायरल ऑडिओ घ्यायचा, कुठला सोडायचा?

सांगलीची_सून

नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाई सांगलीत अकरा वर्षं कांदा-लसूण मसाला करून विकतायत, त्याचं इन्स्टाग्राम पेज मी बघते. बिझनेस अकाउंट आहे, साडेसहा हजार फॉलोअर्स, ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात आणि कुरिअर फक्त महाराष्ट्रात.

गेल्या महिन्यात धाकट्या दिरांच्या आग्रहामुळे आम्ही एका गाजलेल्या हिंदी डायलॉगच्या ऑडिओवर रील केलं. १ लाख १० हजार व्ह्यूज आले, घरात सगळे खूश, पण ऑर्डर आल्या दोन आणि त्यातली एक जुन्या गिऱ्हाइकाची. त्याच आठवड्यात मी डंकावर मिरची कुटतानाचा व्हिडिओ टाकला होता, गाणं वगैरे काही नाही, नुसता धाड धाड आवाज आणि मधेच सासूबाई चिमटीत मसाला घेऊन म्हणतात "अजून जाड हाय, परत घाल". व्ह्यूज ४ हजार, ऑर्डर २३.

आता दिरांना दोन गोष्टी करायच्यात. एक म्हणजे तो "हात लावशील तर बघ" म्हणणाऱ्या आईचा ऑडिओ सगळीकडे चाललाय त्यावर रील, आणि दुसरं एका नव्या पिक्चरचं गाणं, जे आमच्या अकाउंटला दिसतच नाही म्हणून ते अकाउंट बदलूया म्हणतायत. मला प्रत्येक वेळी नाही म्हणायचं नाहीये, पण हो कधी म्हणायचं तेच कळत नाही. तुम्ही कसं ठरवता?

विन्या_कोथरूड

वहिनी सोपंय, सेटिंग्जमधे जाऊन अकाउंट क्रिएटर करा, सगळी गाणी दिसायला लागतात. १५ सेकंदांच्या आत वापरलं की कॉपीराइट लागत नाही. आणि ट्रेंड पहिल्या काही दिवसांतच पकडायचा, सगळ्यांचं करून झाल्यावर आपण केलं तर लोक बघत पण नाहीत.

माधवी_पुणे

विन्या, ट्रेंड लवकर पकडायचा हे अगदी बरोबर, बाकीचं तेवढं सोड. १५ सेकंदांचा असा कुठलाही नियम नाही. क्रिएटर अकाउंटला गाणी दिसतात ती लोकांनी स्वतःच्या हौसेसाठी वापरायला, मसाला विकायला नाही. अकाउंटवरचा शिक्का बदलला तरी रीलमधे पाकीट आणि ऑर्डरचा नंबर आहेच की. रील म्यूट होणं किंवा निघणं हे कमीत कमी, कंपनीने ठरवलं तर प्रकरण कोर्टात जातं. २०२४ मधे अमेरिकेत सोनी म्युझिकने मॅरियट हॉटेल्सवर सोशल मीडियाच्या व्हिडिओंमधल्या गाण्यांवरूनच केस केली होती. शिवाय असं गाणं असलेलं रील पैसे भरून बूस्टही करता येत नाही, म्हणजे चाललं तरी पुढे ढकलता येत नाही.

डायलॉगचंही तसंच, ताई. तो ऑडिओ कुणी "ओरिजिनल ऑडिओ" म्हणून चढवला असला तरी मूळ पिक्चरवाल्यांचाच राहतो. ओळखू येणाऱ्या नटाचा आवाज असेल तर आणखी जपा. अनिल कपूर यांच्या अर्जावर सप्टेंबर २०२३ मधे दिल्ली हायकोर्टाने अंतरिम आदेश दिला, त्यात त्यांचं नाव, आवाज आणि त्यांचं ते खास "झकास" सुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली.

मी नऊ वर्षं हेच काम करते, त्यामुळे कसं ठरवते ते तुमच्या आईच्या ऑडिओवरच सांगते. रीलच्या खाली ऑडिओचं नाव असतं त्यावर टॅप करा. तिथे तो कुणाचा आहे आणि किती रील्स झालीत ते दिसतं, नावाशेजारी वर जाणारा बाण असेल तर अजून चढतोय. मग आकडा बाजूला ठेवून खालची वीस-पंचवीस रील्स खरंच बघा. कोण करतंय? आपल्याकडच्या बायका स्वयंपाकघरात करत असतील तर तुमची गिऱ्हाइकं तिथेच आहेत. बँका आणि मोबाईल कंपन्या दिसायला लागल्या असतील तर उशीर झालाय, सोडून द्या.

त्यानंतर माझा एकच प्रश्न असतो: त्या रीलमधे तुमच्या पाकिटाच्या जागी साबण ठेवला तर चालेल का? चालत असेल तर ते रील तुमचं नाही. "हात लावशील तर बघ" साबणावर चालत नाही, पण वाळवणावर चालतं! गच्चीवर मिरच्या पसरल्यात, नातू हळूच येतो, सासूबाई दटावतात. हे तुमच्या घरात दर उन्हाळ्यात होत असेल.

सांगलीची_सून

होतंच, माधवीताई! गेल्या वर्षी धाकट्याने मिरचीचा हात डोळ्याला लावला आणि दिवसभर रडत होता.

खवय्या५२

आवाज नीट येत नाही असा प्रॉब्लेम आहे का? डंकाशेजारी फोन धरला की आवाज फाटतो. फोन सात-आठ फूट लांब ठेवा आणि आजींच्या पदराला छोटा कॉलर माइक लावा, बोलणं स्वच्छ येईल. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग असंच करतो.

रत्नांग्री_बेकरी

काका, ताईंचा प्रश्न वेगळा आहे पण माइकचं लक्षात ठेवण्यासारखं आहे. माझा अनुभव सांगतो. आम्ही एका रडक्या आवाजाच्या ऑडिओवर केक पडल्याचं रील केलं, सगळे करत होते म्हणून. दोन दिवसांनी एका गिऱ्हाइक बाईंनी मेसेज केला की तो आवाज एका अपघातात भाऊ गेलेल्या मुलीचा आहे. मी मूळ व्हिडिओ शोधून बघितला आणि मला रात्रभर झोप आली नाही. रील काढलं, त्या बाईंची माफी मागितली. तेव्हापासून पहिला व्हिडिओ सापडल्याशिवाय आणि शेवटपर्यंत बघितल्याशिवाय कुठलाच ऑडिओ घेत नाही.

माधवी_पुणे

हे फार महत्त्वाचं आहे. लहान मुलाचा, भांडणाचा, रडण्याचा आवाज असेल तर मी मोजणी बघायलाही थांबत नाही, सोडते.

आणि खवय्याकाका, तुमच्या माइकमुळेच ताईंचं काम होणार आहे. ताई, त्या आईचा ऑडिओ वापरूच नका. दटावण्याची कल्पना घ्या आणि सासूबाईंना त्यांच्या शब्दांत बोलू दे, "हात लावलास तर बघ हां, डोळं जळतील". बघणाऱ्याला ट्रेंड ओळखू येतो आणि आवाज तुमचा असल्यामुळे तेच रील यूट्यूबवरही टाकता येतं. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत लावलंत तर ते फेसबुक-इन्स्टापुरतंच. तोच ऑडिओ हवा असेल तर त्या बाईंना मेसेज करून धंद्यासाठी वापरू का असं स्पष्ट विचारा आणि होकार जपून ठेवा.

विन्या_कोथरूड

१५ सेकंदांचं मला खरंच माहीत नव्हतं, थँक्स. पण दिरांची बाजू पण बघा ना, लाखभर लोकांनी नाव तर वाचलं, उद्या त्यातले काही येतीलच.

माधवी_पुणे

येऊही शकतात. ताई, त्या रीलच्या इन्साइट्समधे शहरं कुठली दिसतात आणि रीलवरून किती जणांनी फॉलो केलं?

सांगलीची_सून

आत्ता बघितलं. दिल्ली, लखनौ, पाटणा, मग मुंबई. फॉलो ३१. डंकाच्या रीलला सांगली, कोल्हापूर, पुणे, आणि फॉलो ४४, शिवाय १९० जणांनी ते दुसऱ्याला पाठवलंय, हे मी कधी उघडूनच बघितलं नव्हतं.

माधवी_पुणे

१९० जणांनी पाठवलं तिथे तुमच्या ऑर्डर आहेत. "तुला हवा होता ना तो मसाला" म्हणून बहिणीला पाठवलेलं असतं ते.

विन्या_कोथरूड

मान्य, पण कुरिअर बाहेर सुरू केलं तर दिल्लीतली मराठी माणसं पण आहेतच की. मी असतो तर महिन्यातून एक मोठा ट्रेंड केला असता, स्वतःच्या आवाजात.

सांगलीची_सून

कुरिअरचं यांच्याशी बोलावं लागेल, पाकीट फुटायची भीती आहे. गाण्याचं दिरांना दाखवलं, ते नाराज आहेत पण ऐकलं. रविवारी मिरच्या गच्चीवर घालतोय तेव्हाच शूट करतो. फक्त एक सांगा, सासूबाई कॅमेरा लावला की एकदम पुस्तकी बोलायला लागतात, "जाड हाय" चं "जाड आहे" होतं. त्याला काय करू?

खवय्या५२

माइक सकाळीच लावून टाका आणि कधी चालू आहे ते सांगू नका म्हणणार होतो, पण घरच्या माणसाला विचारल्याशिवाय नको. विचारून लावा आणि तासभर नुसतं काम करू द्या.