‘गुणगुण’, ‘शिटी’ की आणखी काही? मोटरच्या मॅग्नेटिक आवाजाला शब्द हवा

अनुवादिनी (जळगाव): आयटीआयच्या मुलांसाठी मोटर दुरुस्तीची पुस्तिका मराठीत करतेय. आवाजांच्या तक्त्यात तीन ओळी आहेत. पंख्याच्या आवाजाला ‘घोंगावणं’ आणि बेरिंगच्या आवाजाला ‘खरखर’ लिहिलं. राहिला मॅग्नेटिक व्हाइन, त्याला ‘चुंबकीय गुणगुण’ लावलं. खर्डा वाचणाऱ्या वाइंडरने ते खोडून समासात लिहिलं, ‘गुणगुण वेगळी, ही नव्हे.’ का नव्हे, ते काही लिहिलं नाही. कोणी सांगेल?

शब्दवेडा: गुणगुण मुळात भुंग्याची, ‘गुंजन’ही त्याचंच. त्यामुळे ‘चुंबकीय गुंजन’ हाच शुद्ध शब्द. शिटी वगैरे बाजारू शब्द पुस्तकात नकोत.

केळीवाला, रावेर: आमची विहिरीवरची मोटर बटण दाबलं की हूंऽऽ करते आणि जागची हलत नाही. तोच ना हा आवाज?

गाळाभर वायर: नाही भाऊ. ती उभी राहून हूं करते म्हणजे एक फेज गेलेला असेल, नाहीतर व्होल्टेज पडलंय. आधी स्विच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. इथे विषय चालू मोटरचा आहे.

ताई, वाइंडरचं बरोबर आहे. 50 हर्ट्झवर चालणाऱ्या मोटरीत 100 हर्ट्झचा जाड हुंकार असतो, ट्रान्सफॉर्मरसारखा. गुणगुण म्हणजे तो, आणि तो थोडाफार प्रत्येक मोटरीत असतोच. व्हाइन म्हणजे त्याच्या कितीतरी वरचा, कानात घुसणारा बारीक सूर. तो स्थिर स्टेटरचे वायर भरायचे गाळे आणि आत फिरणाऱ्या रोटरच्या पट्ट्या एकमेकांसमोरून जाताना तयार होतो, इंग्रजीत स्लॉट हार्मोनिक. दोन्हींचं कारण चुंबकच, पण एकाच शब्दात बसवले तर पोरगं चुकीची मोटर खोलेल.

धुळेकर फिटर: सोपं आहे. बारीक आवाज म्हणजे बेरिंग, जाडा आवाज म्हणजे मॅग्नेटिक. आणि खात्री करायची तर चालत्या मोटरीचा करंट तोडा. आवाज गेला तर मॅग्नेटिक.

गाळाभर वायर: तुमचं दुसरं वाक्य पक्कं, पहिलं सोडा. याच समजुतीने किती चांगल्या बेरिंगा ठोकून काढल्या जातात! एक उदाहरण मांडतो.

डाळमिलची चार पोलची मोटर, स्टेटरला 36 गाळे. जळाली म्हणून भरायला आली, रोटरही खराब निघाला. भंगारातून त्याच बोअरचा दुसऱ्या मेकचा रोटर बसवला. मोटर चालली, ॲम्पिअर ठीक, पण लोडवर असा सूर लागला की शेजारी उभं राहवेना. दोन्ही बेरिंगा बदलल्या, ग्रीस बदललं, फाउंडेशनचे बोल्ट आवळले. सूर जसाच्या तसा.

मग टॅकोमीटर लावला, 1440 फेरे, म्हणजे सेकंदाला 24. मोबाइलच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये दोन उंच टोकं दिसली, 816 आणि 916. 816 भागिले 24 बरोबर 34. रोटर बंद गाळ्यांचा होता, वरून पट्ट्या मोजता येत नव्हत्या, त्या आवाजानेच मोजून दिल्या. वरचं टोक म्हणजे त्यात लाइनच्या दुप्पट, 100, मिळवलेले.

```
34 x 24 = 816 Hz
816 + 100 = 916 Hz
```

अनुवादिनी (जळगाव): पण 34 पट्ट्या असल्या तर बिघडलं कुठे?

गाळाभर वायर: 36 वजा 34, फरक दोनच. एवढा फरक राहिला की चुंबकाची ओढ स्टेटरला समोरासमोर दोन बाजूंनी ताणते आणि गाभा लंबगोल होऊ पाहतो. त्या आकारात गाभा सगळ्यात सहज वाकतो, म्हणून थोड्या ओढीलाही मोठा आवाज. जुना रोटर 28 पट्ट्यांचा होता. त्यात ताण चार किंवा जास्त ठिकाणी वाटला जायचा, गाभा दाद देत नव्हता. सूर तेव्हाही असणारच, 672 च्या आसपास, पण कोणाच्या लक्षात येत नव्हता.

धुळेकर फिटर: मग रोटर लेथवर घासून एअर गॅप वाढवायचा, संपलं.

गाळाभर वायर: आवाज कमी होईल, खरं. पण नो-लोड करंट वाढतो आणि पॉवर फॅक्टर पडतो. त्यापेक्षा योग्य पट्ट्यांचा, आणि जमल्यास एक गाळाभर तिरकी पट्टी असलेला रोटर शोधा.

तापीकाठ: करंट तोडण्याच्या चाचणीत एक गोची आहे. मोटर घरंगळत थांबेपर्यंत पंखा आणि बेरिंग दोन्ही वाजत राहतात, सूर हळूहळू उतरतो. मॅग्नेटिक सूर मात्र बटणाबरोबर पटकन तुटतो. त्यामुळे पहिल्या अर्ध्या सेकंदाकडे कान हवा. बाकी जे उरलं ते पंखा की बेरिंग, हे या चाचणीतून कळत नाही.

पंख्यासाठी कव्हर आणि पंखा काढून, लोड नसताना, एक-दोन मिनिटं चालवा. जास्त नको, हवा नसते. घोंगावणं गेलं तर पंखाच. सहा पात्यांचा असेल तर 24 च्या हिशोबाने 144 हर्ट्झवर थोडं टोक दिसतं, बाकी सगळा सूंसूं वारा. बेरिंगसाठी लांब पेचकस हाउसिंगला टेकवून मूठ कानाशी धरा, कपलिंगपासून लांब राहून. बेरिंगची खरखर तिथेच मोठी लागते. मॅग्नेटिक सूर बहुधा बॉडीच्या मधल्या भागावर, फिन्सवर जास्त ऐकू येतो.

गाळाभर वायर: आणि शंका उरली तर थ्री-फेज डिमरस्टॅट. मोटर बिनलोड, 415 वरून 300 व्होल्टला आणा. फेरे जवळजवळ तेवढेच राहतात, म्हणून पंखा-बेरिंगचा आवाज तेवढाच. चुंबकाची ओढ मात्र निम्म्यावर येते आणि सूर बसतो. लोडवर हे करू नका, स्लिप आणि करंट दोन्ही वाढतात. एक अडचण उरते, काही मोटरींचा सूर लोडवरच चढतो. बिनलोड तो मुळातच बारीक असला तर या चाचणीत फार काही हाती लागत नाही.

धुळेकर फिटर: आमच्याकडे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरीही शिटी मारतात. तीही गाळ्यांचीच?

तापीकाठ: बहुतेक ड्राइव्हच्या कॅरिअरची, म्हणजे ड्राइव्ह ज्या वेगाने आतून व्होल्टेज चालू-बंद करतो त्याची. फेरे बदला. सूर फेऱ्यांबरोबर सरकला तर गाळ्यांचा, जागचा हलला नाही तर कॅरिअरचा. ड्राइव्हमध्ये कॅरिअर 2 किलोहर्ट्झवरून 4 वर न्या, लगेच फरक पडेल. ड्राइव्ह मात्र जास्त तापेल.

शब्दवेडा: हे सगळं ठीक, पण तुम्ही लोक ‘गाळा’ काय म्हणताय? गाळा बाजारातल्या दुकानाचा. स्लॉटला ‘खाच’ म्हणा. आणि हार्मोनिकला ‘संवादी’. म्हणजे झालं ‘खाच-संवादी’.

गाळाभर वायर: खाच म्हणजे ओरखड्यासारखं काहीतरी. ज्यात वायर भरायची, जाड कागद लावायचा, वरून पाचर ठोकायची, तो गाळा. वाइंडरच्या हातात खाच द्याल तर तो वळून बघेल.

तापीकाठ: आणि गाण्यात वादी-संवादी म्हणजे जुळणारे स्वर. हा तर कान किटवतो. विसंवादी म्हणायला हवं.

केळीवाला, रावेर: तुम्ही फेजचं सांगितलं ते बघितलं. एक फ्यूज उडाला होता. आमच्याकडे अहिराणीत म्हणतात, ‘मोटर रडस’. उभी राहून रडते ती निराळी, चालत्या मोटरीचं ‘चिरकस’ म्हणा.

अनुवादिनी (जळगाव): ‘चिरकणं’ मला आवडलं. पण फाटका लाउडस्पीकरही चिरकतोच की. हा सूर फाटका नाही, सरळ आहे.

धुळेकर फिटर: शिटी लिहा ताई. सगळे हेच म्हणतात.

शब्दवेडा: शिटी नव्हे, शीळ.

गाळाभर वायर: शीळ वाटेत घालतात. मोटर घालत नाही. ‘गाळ्यांची शिटी’ लिहा आणि 100 हर्ट्झवाल्याला ‘हुंकार’.

शब्दवेडा: गाळ्यांची! म्हणजे गावातल्या गाळ्यांत शिट्या वाजतात असं वाचतील.

अनुवादिनी (जळगाव): तक्त्यात तीनच ओळी आहेत. हुंकाराला चौथी ओळ करू की शिटीच्याच ओळीत टीप देऊ?

केळीवाला, रावेर: ताई, त्या तक्त्यात फेज गेलेल्या मोटरीचीही एक ओळ टाका ना.