सातबाऱ्याच्या स्क्रीनशॉटवरून वाटणी काढताना तुमचं काय झालं? अनुभव लिहा

धागा मीच काढतेय म्हणून आधी माझं सांगते. खानापूर तालुक्यात आमची आजोबांनी विकत घेतलेली जमीन आहे. चुलतभावाने ग्रुपवर सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट टाकला, क्षेत्र 1.62.00, खाली एकाच खात्यात पाच नावं, काका, आत्या, आई, मी आणि माझी बहीण, आणि पाचांसमोर मिळून एकच क्षेत्र. मी पाचाने भागलं, प्रत्येकी 32 आर 40 चौरस मीटर आलं, आणि ग्रुपवर टाकून मोकळी झाले. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर कळलं की हिशोब मुळातच चुकलाय, आम्हा तिघींना मिळून मी 97 आर दिले होते आणि आत्याला 32. मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. तुमच्याकडे असं झालंय का, आणि बरोबर कसं काढलंत ते लिहा.

रानवारा
आमच्याकडे त्याच्याही आधीची चूक झाली. 1.62 बघून पुण्याचा भाऊ म्हणाला दीड एकरच आहे, एवढ्याला काय वाटायचं! अरे ते हेक्टर आहे, पहिला आकडा हेक्टर, मधला आर, शेवटचा चौरस मीटर. म्हणजे 162 आर, चार एकर धर. आर आणि गुंठा जवळपास सारखेच, एक गुंठा 101 चौ.मी.ला थोडा वर, म्हणून बोलताना गुंठाच म्हणतात, पण कागदावर आर लिहायचं.

जुना_सर्कल
नोकरीत असताना असल्या वारसनोंदी पुष्कळ केल्यात म्हणून लिहितो. ताई, सातबाऱ्यावरची नावं मोजून भागायचं नसतं. नावं तिथे कुठल्या फेरफाराने आणि कोणाच्या मृत्यूनंतर आली ते बघायचं. स्क्रीनशॉटमध्ये नावासमोर फेरफार नंबर असतो, तो उघडून वाचा. कंसातली नावं म्हणजे कमी झालेली माणसं, ती भागायला धरायची नाहीत, पण हिस्सा कसा उतरत आला ते त्यांच्यावरूनच कळतं. आजोबा कधी गेले, आजी कधी, वडील कधी, आणि मृत्युपत्र होतं का?

धागाकर्ती
मृत्युपत्र नाही. आजोबा 1998, आजी 2009, बाबा 2017.

जुना_सर्कल
मग हे बघा. आजोबा गेले तेव्हा वारस चार, आजी, दोन मुलं, एक मुलगी, प्रत्येकी एक चतुर्थांश. आजी गेल्यावर तिचा चतुर्थांश तिन्ही मुलांत सारखा, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश, 54 आर. मग तुमचे बाबा गेले, त्यांच्या 54 आरचे वारस तुमची आई आणि तुम्ही दोघी, प्रत्येकी 18 आर. काका 54, आत्या 54, तुम्ही तिघी 18-18-18, बेरीज 162. बेरीज जमली नाही तर कुठंतरी चुकलंय, एवढं दर वेळी करून बघायचं.

पाटीलवाडा
आत्याला एवढा कसा? 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हिस्सा नसतो, आमच्या तालुक्यात सगळे असंच सांगतात.

जुना_सर्कल
तो 1994 चा मुद्दा राज्याने वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीसाठी केलेल्या बदलाचा. आजोबांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत मुलगी 1956 च्या कायद्यापासून वारस आहेच, लग्न कधी झालं हा प्रश्नच येत नाही. जमीन वडिलोपार्जित असती तर वेगळं बघावं लागलं असतं, तिथे 2005 ची दुरुस्ती आणि 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघूनच बोलायचं. म्हणून आधी आजोबांच्या नावाचा फेरफार काढा, खरेदीने आली की वारसाने आली ते त्यात लिहिलेलं असतं.

वैशाली_क
मृत्यूच्या तारखांवरून आठवलं, आमच्याकडे सगळी माणसं तशीच, अगदी तुमच्यासारखीच, फक्त क्रम उलटा. माझा नवरा आधी गेला, सासूबाई नंतर. मी समजत होते मला नववा भाग येणार. वकिलांनी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा सोळावा आला. मला खूप वाईट वाटलं होतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

जुना_सर्कल
बरोबर सांगितलंत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ताईंच्याच 162 आरवर मांडतो. मुलगा आधी गेला तर त्याच्या चतुर्थांशाला वारस बायको, दोन मुली आणि आईसुद्धा, म्हणून चौघींना सोळावा. आजीकडे तिचा स्वतःचा चतुर्थांश अधिक हा सोळावा. मग आजी गेली की तिचा हिस्सा काका, आत्या आणि गेलेल्या मुलाची मुलं यांच्यात तीन वाटे होऊन जातो. सून सासूची त्या रांगेतली वारस नाही. शेवटी काका आणि आत्या प्रत्येकी 57 आरच्या वर, नातींना साडेअठरा आरच्या आसपास, आणि सुनेला फक्त 10 आर. तुमच्या क्रमाने तिला 18 मिळाले असते.

सागरी_वारा
आमच्या सिंधुदुर्गात जुन्या सामाईक उताऱ्यांवर हिस्सा आणे-पैत लिहिलेला आहे. सोळा आणे म्हणजे पूर्ण, एका आण्याच्या बारा पै. तिसरा हिस्सा 5 आणे 4 पै असा सरळ बसतो पण नववा करायला गेलं की 1 आणा 9 पै आणि वर पैचा तिसरा भाग उरतो. आमच्या चुलत्यांनी ती उरलेली पै सोडून दिली, सगळे हिस्से मिळून सोळा आणे भरेनात आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. अपूर्णांक अपूर्णांकातच ठेवा, आर शेवटी काढा.

नवखा
ऑनलाइन काढलेल्या सातबाऱ्यावर कर्ज मिळतं का? बँकेने डिजिटल सहीचा मागितलाय.

रानवारा
भाऊ, तो वेगळा विषय आहे, पण हो, फुकटचा उतारा नुसता बघण्यापुरता असतो, बँकेला सहीचाच लागतो. आणि ताई, स्क्रीनशॉट वरून कापलेला नाही ना ते बघा. आमच्यात इतर हक्काचा रकाना कापला गेला होता आणि त्यात सोसायटीचा बोजा होता, वाटणी झाल्यावर तो कोण फेडणार यावरून वर्षभर भांडण चाललं. शिवाय 18 आर हे कागदावरचं झालं, विहीर कुणाच्या वाट्याला, रस्ता कुठून, पोटखराबा कुणाच्या माथी हे त्यात नसतं. आमच्या थोरल्या भावाने विहिरीकडचं घेतलं म्हणून क्षेत्र कमी घेतलं, सगळ्यांनी सह्या केल्या, मग तहसीलदारांकडे कलम 85 चा वाटणीचा अर्ज आणि मोजणी.

पाटीलवाडा
पण 18 आर वेगळं पाडायला तुकडेबंदी आडवी येत नाही का? आमच्या पोटहिश्शाला तलाठ्याने नाही म्हटलं होतं.

जुना_सर्कल
येऊ शकते. गावाचं प्रमाणभूत क्षेत्र किती आणि जमीन जिरायत की बागायत त्यावर आहे, नियमही बदलत आलेत, इथून मी ठाम सांगणार नाही. तिघींनी 54 आर एकत्रच ठेवायचा विचार करा, आतला हिस्सा नववा-नववा लिहून घ्या.

धागाकर्ती
फेरफार काढला, खरेदी 1974 ची आहे, म्हणजे आजोबांचीच. आत्याला फोन करून चूक सांगितली, ती रडली, म्हणाली मला जमीन नको होती गं, विचारायला तरी हवं होतंस. आता काका म्हणतायत आत्या हक्कसोड करणार असेल तर तिचा हिस्सा मला. आम्हाला माहीत नाही तसं ठरलंय का, ती कुणाच्या नावे करणार ते तिनेच सांगायला हवं, आणि करायचंच तर रजिस्टर करूनच, असं आईचं म्हणणं आहे. मंगळवारी तलाठी कार्यालयात जातोय, तुकडेबंदीचं विचारून येते.