मदत हवी आहे: पाऊस लागला तरी कुरणात शेणाचे पो जसेच्या तसे

माळकरी: पुण्यात नोकरी करतो, शनिवार-रविवार सासवडजवळच्या शेतावर असतो. चार एकर मारवेलचं कुरण, सहा गीर गायी. पाऊस लागून तीन आठवडे झाले, पण शेणाचे पो जागचे हलत नाहीत. काल एक जुना पो काठीने उलटला. वर पापुद्रा, आत ओलं, माश्यांच्या अळ्या वळवळत होत्या, खालचं गवत पिवळं पडलेलं. भोवतालच्या हातभर गवताला गायी तोंड लावत नाहीत. बांधापलीकडे शेजाऱ्यांची खिल्लार जोडी चरते, तिथला पो दोन दिवसांत चाळणीसारखा होतो. जमीन तीच, पाऊस तोच. काय चुकतंय?

आप्पा सासवड: काही चुकत नाही. शेण म्हणजे खतच की. दोन मोठे पाऊस पडू द्या, आपोआप विरघळून जाईल. उन्हाळ्यात आमच्याकडेही पडून राहतं, मग वाळवी खाते.

कोथरूडची बाग: शेणात किडे नाहीत हे बरंच म्हणायचं! माझ्या गच्चीतल्या कुंड्यांत शेणखतातून पांढऱ्या जाड अळ्या आल्या आणि गुलाबाची मुळं खाल्ली. औषध टाका आधी.

चराईवाला: ताई, तुमची ती हुमणी असावी. ती सुट्ट्या मातीत मुळांपाशी सापडते. शेणकिड्याची अळी शेणाच्या गोळीत बंद असते, पाठीवर कुबड असतं आणि ती गोळीच खाऊन वाढते. औषध टाकाल तर चुकीचा जीव मारून बसाल.

आप्पा, उन्हाळ्याचं तुमचं बरोबर. मार्चमध्ये पो वाळून कडक झाला तर त्यात काही गैर नाही. पण पावसाळ्यात नुसत्या पाण्यावर भिस्त ठेवू नका. पो उघड्यावर पडून राहिला की थोडं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं आणि स्फुरद तिथल्या तिथेच साचतं. आपल्याकडचे बरेच शेणकिडे पोखाली बिळं पाडून शेण खाली नेतात, म्हणजे खत थेट मुळांशी. त्याच बिळांतून पाणी मुरतं. आणि पो लवकर पोखरला की माशीच्या अळीला वाढायला ओलं शेणच उरत नाही.

माळकरी, गायींना जंताचं काय दिलंत, कधी?

माळकरी: आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. चार वर्षं झाली, दर जूनच्या सुरुवातीला सहाही गायींना एकदम. गोचीडही कमी होतात म्हणून.

चराईवाला: मला तिथेच शंका आहे. हे औषध बहुतांशी शेणातून बाहेर पडतं आणि इंजेक्शननंतर काही आठवडे पडत राहतं. मोठा किडा सहसा लगेच मरत नाही. तो येतो, बीळ पाडतो, अंडी घालतो, पण त्या शेणावर अळी जगत नाही. त्यामुळे फटका पुढच्या पिढीत दिसतो. पहिल्या पावसाबरोबर किडे जमिनीतून वर येतात, नेमकं तेव्हाच तुमचं शेण विषारी.

पण लगेच निकाल लावू नका. सकाळी ताजं शेण घ्या, दोन्हीकडचं. चार सारखे पो करा. तुमचं आणि शेजाऱ्यांचं असे दोन तुमच्या कुरणात, तसेच दोन त्यांच्याकडे ठेवा. दोन रात्रींनी भोकं आणि कडेला उकरलेली माती बघा. मग पो उचलून पाण्याच्या बादलीत टाका, लपलेले किडे थोड्या वेळात तरंगून वर येतात.

आप्पा सासवड: ऑस्ट्रेलियाने म्हणे बाहेरून किडे आणले. आपणही मागवावेत का?

चराईवाला: तिथल्या किड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय, गायीचा ओला पो त्यांच्या आवाक्याबाहेर. म्हणून 1968 पासून बाहेरचे किडे सोडले. तुमचे किडे तर बांधापलीकडेच आहेत.

माळकरी: करून पाहिलं. शेजाऱ्यांकडे ठेवलेले दोन्ही पो पोखरलेले, बादलीत एकात 17 किडे, दुसऱ्यात 14. आमच्याकडे दोन्हींत मिळून 3. शेण कोणाचं याने फारसा फरक पडला नाही.

चराईवाला: म्हणजे किड्यांना तुमच्या शेणाचं वावडं नाही, तुमच्या रानात किडेच थोडे आहेत. औषधाशी हे जुळतं, पण चार पो म्हणजे पुरावा नव्हे. शेजारी कीटकनाशक कमी मारतात का, त्यांची गुरं वर्षभर तिथेच असतात का, हेही विचारा.

यापुढे सरसकट इंजेक्शन नको. शेणाचा नमुना तपासून डॉक्टरांना विचारा, गरज असेल त्याच गायीला द्या. तिला तीन-चार आठवडे गोठ्यात बांधून चारा द्या आणि तिचं शेण कुरणात जाऊ देऊ नका. गोचिडांचं वेगळं बघावं लागेल, पण ते औषध शेणकिड्यांना चालतं का हेही विचारून घ्या. गोचिडांच्या कित्येक औषधांनी किडेही मरतात.

माळकरी: शेजारी म्हणतात, जंताचं औषध कधी दिलंच नाही, पण त्यांची जोडी उन्हाळाभर त्याच रानात असते. आमच्या गायी जानेवारी ते मे गोठ्यात. हे तर आधी लक्षातच आलं नव्हतं.

चराईवाला: मग दोन्ही शक्यता उभ्या आहेत. इंजेक्शन थांबवून पुढच्या जुलैत हीच बादली पुन्हा करा, आकडे इथेच टाका.